मेनू कार्ड तपासायचं तर आधी स्वयंपाकघरात जा

इंदूरमध्ये बाहेरगावचा माणूस शिकंजी मागवतो, तेव्हा त्याच्या मनात लिंबू, साखर आणि काळं मीठ असतं. समोर येतं ते आटवलेल्या दुधाचं, दाट, केशर-वेलची-सुकामेवा घातलेलं थंड पेय. बहुतेक वेळा तो खूश होतो. पण दूध पचत नसेल किंवा काजूची अ‍ॅलर्जी असेल, तर तोच ग्लास त्याला महागात पडतो. आणि कार्डावर काय लिहिलेलं असतं? 'शिकंजी', पुढे टिंबांची रांग, आणि रांगेच्या शेवटी '६०'.

माझं काम डीटीपी आणि छपाईचं. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांच्या जोडीला छोट्या हॉटेलांची मेनू कार्डं सारखी येतात. मालक बहुतेक एकच मागणी घेऊन येतो: "जरा चांगलं दिसेल असं करून द्या." दिसण्याचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटचं. कार्डावर जे लिहिलंय ते खरं आहे का, पुरेसं आहे का, आणि वाचणाऱ्याला तेच कळतं का, हे आधी बघावं लागतं. ते कसं बघायचं हे लोकमान्य नगराच्या बाजूच्या एका मराठी उपाहारगृहाच्या कार्डावरून सांगतो. काकू आणि त्यांचा मुलगा मिळून ते चालवतात. आठ टेबलं, चाळीसेक पदार्थ, निम्मे मराठी आणि निम्मे इंदुरी. दर मी इथे बदलले आहेत, चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत.

आधी वेटरला विचारा

कार्ड कुठे कमी पडतं हे मालकाला माहीत नसतं, कारण त्याला सगळं पाठ असतं. वेटरला बरोबर माहीत असतं, कारण तीच ती उत्तरं तो दिवसभर देत असतो. म्हणून काउंटरवर एक कोरी वही ठेवायची आणि आठवडाभर ग्राहकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न पदार्थाच्या नावासमोर टिपायचा. नुसती खूण चालणार नाही, प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत हवा. काकूंच्या वहीत आलेले काही प्रश्न: "कितने पीस आते हैं?", "स्पेशल में क्या स्पेशल है?", "भिया, शिकंजी में नींबू है क्या?", "जैन में आलू तो नहीं?", "हे तिखट आहे का, मुलीला चालेल?"

आठवड्यानंतर ही वही चाळली की ज्या पदार्थांसमोर प्रश्नांची गर्दी आहे, त्यांची वर्णनं आधी दुरुस्त करायची हे आपोआप ठरतं. ज्यांच्यासमोर एकही प्रश्न नाही, उदाहरणार्थ चहा, बटाटेवडा, ताक, त्यांना वर्णनाची गरजच नसते. चाळीस पदार्थांना चाळीस वर्णनं लिहायला बसणं ही पहिली चूक. त्याने कार्ड भरतं आणि कोणी वाचत नाही.

मग स्वयंपाकघर: पदार्थात खरंच काय पडतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. प्रत्येक पदार्थासाठी एक ओळ करायची आणि त्यात काय काय पडतं ते लिहून घ्यायचं. पण हे मालकाला विचारायचं नाही. जो कढईसमोर उभा असतो त्याला विचारायचं, आणि जमलं तर पदार्थ होत असताना तिथेच उभं राहायचं. मालक कृती सांगतो आणि आचारी जे करतो ते सांगतो. दोन्हींत फरक निघतोच.

साबुदाण्याच्या खिचडीचं बघा. काकू म्हणाल्या, "शेंगदाण्याचं कूट असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी म्हणालं तर कूट न घालता करून देतो." ठीक. पण इंदुरी पद्धतीने खिचडी वाफेवर ठेवलेली असते आणि द्यायच्या वेळी वरून फराळी मिक्श्चर, मसाला आणि लिंबू पडतं. त्या मिक्श्चरमध्ये बटाट्याच्या सळ्यांसोबत तळलेले शेंगदाणे असतात. म्हणजे कूट वगळलं तरी शेंगदाणा बशीत आहेच, आणि आचाऱ्याच्या हाताला वरून मिक्श्चर टाकायची इतकी सवय आहे की सांगूनही ते पडेल. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला 'बिना कूटाची' खिचडी देणं हे उत्तर नव्हेच. त्याला हा पदार्थ नको, असंच सांगायला हवं.

यानंतर पाकिटं आणि बरण्या. जे जे तयार विकत आणलंय त्याच्या पाकिटामागचा मजकूर वाचायचा. इथे चार-पाच गोष्टी हमखास सापडतात. हिंग हा त्यातला सगळ्यात लपलेला पदार्थ. आपण वापरतो ते बांधणी हिंग असतं, त्यात हिंगाचा राळेसारखा चीक थोडा आणि बाकी पीठ. पुष्कळ ब्रँडमध्ये हे पीठ गव्हाचं असतं, काहींत तांदळाचं. गव्हातलं ग्लुटेन ज्याला चालत नाही, त्याच्यासाठी भुट्ट्याचा कीस सुद्धा या एका चिमटीमुळे बाद होतो. वास्तविक त्यात मका, तूप, दूध, मोहरी आणि मिरची एवढंच. तांदळाच्या पिठाचं हिंग बाजारात मिळतं. काकूंनी ते आणायचं ठरवलं आणि एका फटक्यात कितीतरी पदार्थांपुढची गव्हाची खूण गेली.

सोया सॉसमध्ये सोयाबीन असतोच, पण बहुतेक वेळा गहूही असतो. हे बऱ्याच जणांना नवीन असतं. पावात गहू तर आहेच, शिवाय बेकरीनुसार दूध पावडर किंवा सोयापीठ असू शकतं, म्हणून बेकरीवाल्याला प्रत्यक्ष विचारायचं. सँडविचमधलं मेयोनीज अंड्याचं आहे की बिनअंड्याचं, हे बरणीवर बघायचं. खाद्यनियमांत अंडं मांसाहारात मोडतं, त्यामुळे दारावर 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी असेल तर हा अ‍ॅलर्जीपुरता प्रश्न राहत नाही. पनीर सुटं घेत असाल तर ते दुधाचंच आहे ना, हेही विचारायचं. वनस्पती तेलाचं किंवा सोयाचं नकली पनीर 'पनीर' म्हणून विकता येत नाही, पण विकणारे विकतात, आणि कार्डावर तुमचं नाव असतं.

मराठी पदार्थांतली फसवी जागा म्हणजे भाजणी. काकूंच्या थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे आणि मूठभर गहू. कार्डावर मात्र 'ज्वारी-बाजरीचं पौष्टिक थालीपीठ'. गहू टाळणारा माणूस हे वाचून निर्धास्तपणे मागवेल. भरल्या वांग्यात शेंगदाणा आणि तीळ दोन्ही, कोथिंबीर वडीवर तीळ, शिऱ्यात रव्याचा गहू आणि वर काजू. खोबरा पॅटिसचं बाहेरचं आवरण बटाट्याचं, आत खोबरं, बेदाणे, काजू. आवरण घट्ट व्हावं म्हणून आरारूट घालतात की ब्रेडचा चुरा, हे हॉटेलागणिक बदलतं, म्हणून तेही विचारायचं.

तेलाचंही लिहून ठेवा. आपल्याकडे माळव्यात सोयाबीनचं तेल घराघरात आहे. रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, म्हणून बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचं तसं नाही. त्यात प्रथिनं राहू शकतात. कोणी विचारलं तर 'रिफाइंड सोयाबीन' किंवा 'घाण्याचं शेंगदाणा' असं नेमकं सांगता आलं पाहिजे. 'चांगलं तेल आहे' हे उत्तर नाही.

शेवटी भांडी. चटण्यांचा मिक्सर बघायचा असा माझा हट्ट असतो. काकूंकडे सकाळी शेंगदाण्याची सुकी चटणी आणि नंतर त्याच भांड्यात ओल्या खोबऱ्याची चटणी वाटत. भांडं धुतात, पण पातीच्या खालच्या रबरी वाइसरखाली चिकटलेला लगदा पाती उघडल्याशिवाय निघत नाही. पाती काढून दाखवली तेव्हा काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग मुलाला म्हणाल्या, "उद्या दुसरं भांडं आण." खोबऱ्याच्या चटणीला स्वतंत्र भांडं आलं. तळणीचं मात्र तसं होत नाही. एकाच कढईत बटाटेवडा, ब्रेड पकोडा आणि साबुदाणा वडा तळला जातो, आणि तीन कढया ठेवायला जागा नाही. मग ते कार्डावर लिहायचं. लपवायचं नाही.

अ‍ॅलर्जीची नोंद: किती, कुठे, कशी

कायद्याचं चित्र आधी स्पष्ट करतो, कारण इथे दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग आणि डिस्प्ले नियमांनुसार मेनूवर कॅलरी आणि अ‍ॅलर्जीकारक घटक छापणं केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना बंधनकारक आहे. एका जागी चालणारं आठ टेबलांचं उपाहारगृह त्यात येत नाही. म्हणजे काकूंनी हे नाही लिहिलं तर या नियमाखाली दंड नाही. पण ग्राहकाचे ओठ सुजले तर 'मला बंधन नव्हतं' हे कोणाला सांगणार?

याच नियमांतली यादी सुरुवातीला हाताशी ठेवावी. तिच्यात आठ गट आहेत: ग्लुटेन असलेली धान्यं (गहू, जव, राय, ओट्स वगैरे), दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जलचर, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट. शाकाहारी उपाहारगृहात मासे आणि कोळंबी आपोआप गळतात. सल्फाइट बहुधा पिवळ्याधमक बेदाण्यांत आणि जर्दाळूत सापडतं. तीळ या यादीत नाही, पण आपल्या चटण्यांत आणि वड्यांत भरपूर असतो आणि त्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेली माणसं असतात. अमेरिकेने २०२३ पासून तीळ सक्तीच्या यादीत घातला आहे. मराठी जेवण वाढणाऱ्याने तो स्वतःहून लिहावा असं माझं ठाम मत आहे.

आता छपाई. चित्रांच्या खुणा टाळा. लहान आकारात छापलेला शेंगदाणा आणि काजू यांत फरक करता येत नाही. गव्हाची लोंबी तर कोणालाही नक्षीच वाटते. साधी अक्षरं सगळ्यात बरी. काकूंच्या कार्डावर आम्ही अशी खूण ठरवली: ग म्हणजे गहू, दू म्हणजे दूध, शें म्हणजे शेंगदाणा, सु म्हणजे काजू-बदामासारखा सुकामेवा, सो म्हणजे सोया, ती म्हणजे तीळ. शेंगदाणा आणि सुकामेवा नियमात एकाच गटात आहेत, पण कार्डावर वेगळे ठेवा. कित्येकांना एक चालतो आणि दुसरा चालत नाही. खुणांचा अर्थ प्रत्येक पानाच्या तळाशी छापायचा, नुसत्या शेवटच्या पानावर नाही, कारण शेवटचं पान कोणी उलटत नाही.

पहिल्या पानावर, पदार्थ सुरू होण्याआधी, चौकटीत दोन वाक्यं: 'कोणत्याही पदार्थाची अ‍ॅलर्जी असल्यास ऑर्डर देण्याआधी सांगा. आमच्या स्वयंपाकघरात गहू, दूध, शेंगदाणा, सुकामेवा, तीळ आणि सोया हाताळले जातात आणि तळण एकाच कढईत होतं.' एवढंच. 'ग्लुटेन-फ्री' किंवा 'शेंगदाणाविरहित' असा शब्द छोट्या स्वयंपाकघराने छापू नये. तो शब्द म्हणजे हमी असते. एक कढई, एक पोळपाट आणि एक फडकं असलेल्या जागी ती हमी देता येत नाही. 'गहू घातलेला नाही' हे म्हणता येतं, आणि ते खरं असतं.

वेटरलाही दोन वाक्यं शिकवायची. अ‍ॅलर्जीबद्दल विचारलं आणि खात्री नसेल तर "विचारून सांगतो" म्हणून आत जायचं. "कुछ नहीं होता, सब खाते हैं" हे वाक्य बंद. आणि कोणाच्या अंगावर खाल्ल्याबरोबर गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर लिंबूपाणी देत बसायचं नाही, लगेच १०८ ला फोन करायचा.

वर्णन: विचारलेल्याचं उत्तर

आता वहीतले प्रश्न आणि स्वयंपाकघरातली यादी शेजारी ठेवा. वर्णन लिहिणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दहा-बारा शब्दांत देणं. कौतुक वगळायचं. काकूंच्या जुन्या कार्डावर होतं: 'शाही शिकंजी: उन्हाळ्यात ताजेपणाचा अनुभव.' नवीन झालं: 'इंदुरी शिकंजी: आटवलेल्या दुधाची, दाट, केशर-वेलची-सुकामेवा. लिंबाची नाही. दू सु'. 'लिंबाची नाही' हे छापताना मुलगा कुरकुरला, म्हणाला नकारात्मक वाटतं. पण बाहेरून आलेला माणूस नेमका याच गोष्टीला फसतो, त्यामुळे ते राहिलं.

'स्पेशल' हा शब्द दिसला की थांबा. काकूंकडे 'स्पेशल पोहे', 'स्पेशल थाळी', 'स्पेशल चहा' आणि 'काकू स्पेशल' असे चार प्रकार होते. पोह्यांचं उत्तर निघालं: वर उसळ, शेव, कांदा आणि जीरावण. मग त्याचं नाव 'उसळ पोहे' का नको? इंदूरमध्ये ते नाव सगळ्यांना कळतं. 'स्पेशल चहा' म्हणजे आलं-वेलचीचा चहा, तर तेच लिहिलं. 'काकू स्पेशल' म्हणजे रोज बदलणारी भाजी, ती 'आजची भाजी: फळ्यावर बघा' झाली. 'स्पेशल' फक्त थाळीपुढे राहिलं, आणि त्याखाली साध्या थाळीपेक्षा जास्त काय ते लिहिलं: एक गोड, एक कोशिंबीर, दोन जास्तीच्या पोळ्या.

संख्या जिथे मोजता येते तिथे संख्या लिहा. 'कोथिंबीर वडी (४)', 'साबुदाणा वडा (२), दही-चटणी'. जिथे मोजता येत नाही तिथे 'एकाला पुरेल' किंवा 'दोघांत खाता येईल'. ग्रॅम लिहू नका, स्वयंपाकघरात वजनकाटा नसेल तर तो आकडा खोटाच ठरतो.

'जैन' या शब्दाने काकूंच्या कार्डावर गोंधळ घातला होता. 'सर्व पदार्थ जैन पद्धतीने उपलब्ध' असं वर ठळक छापलेलं. मालकांच्या मनात अर्थ होता कांदा-लसूण नाही. पण इंदूरमध्ये जैन ग्राहक भरपूर आहेत आणि त्यांच्यातले बरेच जण बटाटा, गाजर, आलं अशी कंदमुळंही खात नाहीत. मग खोबरा पॅटिस जैन कसं होणार? आवरणच बटाट्याचं. म्हणून वरची ओळ काढली, आणि जिथे कांदा-लसूण वगळता येतो तिथे 'कांदा-लसूणविना मिळेल' आणि जिथे कंदमुळंही नाहीत तिथेच 'जैन' असं लिहिलं. असे पदार्थ फार थोडे निघाले, पण निघाले ते खरे.

उपवासाच्या भागात एकच गोष्ट सांभाळायची: मीठ सैंधव आहे की साधं, आणि तळण वेगळ्या कढईत आहे की त्याच. उपवास करणारी आजी हे विचारणारच.

दर: डोळा घसरतो कुठे

जुन्या कार्डावरची एक ओळ तशीच देतो:

पोहे ........................ ३०/४०/५०

तीन आकडे कशाचे? साधे, उसळ आणि स्पेशल, असं काकू म्हणाल्या. वेटर म्हणाला, हाफ, फुल आणि पार्सल. दोघंही गंभीरपणे सांगत होते. तिरप्या रेघेने जोडलेले आकडे दिसले की त्यांची वेगळी ओळ करायची, प्रत्येकीला नाव द्यायचं:

पोहे, जीरावण-शेव  ३०
उसळ पोहे  ४५

हाफ-फुल असलेल्या पदार्थांचा मात्र वेगळा रकाना असू द्या, वर 'अर्धा' आणि 'पूर्ण' अशी शीर्षकं, आणि ज्या पदार्थाला अर्धा नाही तिथे आडवी रेघ. रिकामी जागा सोडली की ग्राहक शेजारचा आकडा तिकडे ओढून वाचतो.

डोळा घसरण्याचं दुसरं कारण म्हणजे अंतर. पदार्थाचं नाव डाव्या टोकाला आणि दर उजव्या टोकाला असला की मधली टिंबं डोळ्याला धरून ठेवत नाहीत, उलट त्यांच्या रांगेत एक ओळ वरची की खालची हे कळेनासं होतं. तपासायची सोपी युक्ती: कोणालातरी कार्ड द्या आणि मधल्याच एखाद्या पदार्थाचा दर पटकन विचारा. पाचातल्या एका वेळी जरी शेजारच्या ओळीचा दर सांगितला तरी मांडणी फेल. उपाय म्हणजे एक रुंद स्तंभ मोडून दोन अरुंद करायचे, टिंबं काढून टाकायची, दर नावाच्या जवळ आणायचा आणि चार-पाच पदार्थांनंतर थोडी जागा सोडायची. आकड्यांचे एकक एकाखाली एक यायला हवेत, म्हणजे ९० आणि १४० उजवीकडून जुळलेले. दर मोठ्याकडून लहान किंवा लहानाकडून मोठा असे लावू नका. मग ग्राहक पदार्थ वाचतच नाही, आकडाच वाचतो.

रुपयाचं चिन्ह प्रत्येक ओळीत नको. पानाच्या वर एकदा 'दर रुपयांत' पुरे. आकडे सगळीकडे एकाच लिपीत. काकूंकडे चिकटपट्ट्यांमुळे अर्धे देवनागरी आणि अर्धे इंग्रजी आकडे झाले होते. देवनागरी ५ आणि ६ घाईत वाचताना चकवतात, त्यामुळे हिंदी-इंग्रजी ग्राहक जास्त असतील तर सरळ इंग्रजी आकडे घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

चिकटपट्टीबद्दल: जुन्या दरावर चिकटवलेला कागदाचा तुकडा दोन महिन्यांत निघतो आणि खालचा दर दिसतो. मग काउंटरवर वाद. दर बदलणारच असतील तर थाळी आणि फळांचा रस असे लवकर बदलणारे पदार्थ कार्डावरून काढून भिंतीवरच्या फळ्यावर घ्या.

कराचं नीट बघा. रेस्टॉरंटला बहुधा ५ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही नेहमीच्या नोंदणीत असाल तर दरात कर धरलाय की वेगळा, हे स्पष्ट लिहा. १४० ची थाळी कर वेगळा असेल तर १४७ ला पडते, आणि ते सात रुपये बिलावरच पहिल्यांदा दिसले तर ग्राहक चिडतो. कंपोझिशन योजनेत असाल तर ग्राहकाकडून कर वेगळा घेताच येत नाही, त्यामुळे 'जीएसटी वेगळा' अशी ओळ कार्डावर असणंच चूक. काकू कंपोझिशनमध्ये होत्या आणि ती ओळ कार्डावर होती. आधीच्या छापखान्याने दुसऱ्या कोणाच्या कार्डावरून उचलली असावी. 'एसी टॅक्स' अशीही एक ओळ होती. नोव्हेंबर २०१७ पासून एसी आणि बिनएसीचा कर वेगळा राहिलेला नाही. एसी खोलीचे दर जास्त ठेवायचे तर ते दर म्हणून छापा, कर म्हणून नाही. पार्सलच्या डब्याचे पैसे घेत असाल तर त्याचाही आकडा तळाशी हवा.

छापण्याआधी आणि नंतर

अंतिम मजकुराचा एक साधा प्रिंट काढा, लॅमिनेशन न करता. देवनागरी अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको, आणि ओळींमध्ये अंतर मोकळं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. तो प्रिंट रात्री, तुमच्याच हॉलमधल्या दिव्याखाली वाचा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा पट्टा पडतो आणि नेमका दरांचा रकाना झाकला जातो. थोडे पैसे जास्त पडले तरी मॅट घ्या.

मग तीन माणसांना वाचायला द्या: इंदूरबाहेरचा एक, चश्मा लागलेला एक आणि नुकताच लागलेला वेटर. वेटरला पाच पदार्थांत शेंगदाणा आहे का ते कार्डावरून सांगायला लावा. काकूंच्या नव्या पोराने मिसळीला 'नाही' म्हटलं, कारण आम्ही मिसळीवरच्या फरसाणातले शेंगदाणे विसरलो होतो. छपाई एक दिवस पुढे गेली.

स्वयंपाकघराची मूळ यादी, कोणत्या पदार्थात काय ती, एका कागदावर काउंटरमागे लावून ठेवा. हिंगाचा ब्रँड, बेकरी किंवा फरसाणवाला बदलला की आधी तो कागद बदलायचा, मग कार्ड. ऑनलाइन ऑर्डर घेत असाल तर तिथलंही वर्णन त्याच दिवशी बदला. तिथे वेटर नसतो, वाचणाऱ्याला विचारायला कोणी नाही. कार्डाच्या कोपऱ्यात छोट्या अक्षरांत महिना आणि वर्ष छापा, आणि नवीन कार्डं आल्याच्या दिवशी जुनी सगळी मोजून परत घ्या. एक जरी ड्रॉवरमध्ये राहिलं, तरी गर्दीच्या रविवारी वेटरच्या हाताला तेच लागतं.